बेदाण्याची केस: खरेदीदाराची ताकद, सब्स्टिट्यूट की रायव्हलरी?

वारणेची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. स्ट्रॅटेजीच्या पेपरात हमखास एक प्रश्न येतो: चार-पाच ओळींची केस देतात आणि पोर्टरच्या पाच फोर्सेसपैकी, म्हणजे खरेदीदारांची ताकद, पुरवठादारांची ताकद, नव्याने शिरणाऱ्यांचा धोका, सब्स्टिट्यूटचा धोका आणि उद्योगातल्यांची आपसातली चढाओढ म्हणजे रायव्हलरी, यांपैकी तिच्यात कोणता दिसतो ते कारणासह लिहायचं. आमच्या मॅडमनी सरावासाठी आपल्याच भागातली एक केस बेतून दिली. त्यावर आमच्या अभ्यासगटाचे तीन तट पडले आहेत. केस जशीच्या तशी देते.

"सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाणा तयार करणारे असंख्य छोटे उत्पादक आहेत. त्यांचा बराचसा माल मोजके मोठे खरेदीदार घेतात आणि पाकिटात भरून देशभर विकतात. या हंगामात खरेदीदारांनी सांगितले की किलोमागे वीस रुपये उतरवा, नाहीतर आम्ही अफगाणी बेदाणा मागवू. उत्पादकांनी भाव उतरवला. उत्पादकांच्या उद्योगावर येथे प्रामुख्याने कोणते बल काम करते?"

एक तट म्हणतो सब्स्टिट्यूट, कारण अफगाणी बेदाणा हा दुसरा पर्याय आहे. दुसरा म्हणतो रायव्हलरी. मी खरेदीदारांच्या ताकदीच्या बाजूची आहे, पण का ते मला ठामपणे लिहिता येत नाही. इथे व्यापारातली आणि शिकवणारी माणसं आहेत म्हणून विचारते. कुठला फोर्स, यापेक्षा तो ओळखायचा कसा, हे मला जास्त हवं आहे.

---

मिरज_बेकरी

सब्स्टिट्यूटच आहे की. एक वस्तू सोडून दुसरी घेता येत असेल तर तो सब्स्टिट्यूट. आमच्या बेकरीत फ्रूट केकला बेदाणा महाग झाला की मी टूटीफ्रूटी वाढवतो. गिऱ्हाईक काही म्हणत नाही. इथे खरेदीदार सांगलीचा सोडून अफगाणी घेणार. तेच झालं ना?

---

लेखाजोखा_सातारा

मिरज_बेकरी, तुमचं टूटीफ्रूटीचं उदाहरण अगदी बरोबर आहे. त्याच उदाहरणावर अफगाणी बेदाणा घासून बघा, तो बसत नाही.

टूटीफ्रूटी कच्च्या पपईची. तिचे कारखाने वेगळे, कच्चा माल वेगळा, ती करणाऱ्याचा द्राक्षाशी काही संबंध नाही. तरीही केकमधलं बेदाण्याचं काम ती बऱ्यापैकी भागवते. काम तेच, पण वस्तू दुसऱ्याच उद्योगातून आलेली, तेव्हाच तो सब्स्टिट्यूट. अफगाणी बेदाणा हा बेदाणाच. द्राक्ष वाळवूनच केलेला, त्याच पाकिटात, त्याच गिऱ्हाइकाला जाणारा. तो सांगलीच्या बेदाण्याचा स्पर्धक आहे. तेव्हा पहिला तट बाद.

आता धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी काही वर्षं हा विषय शिकवला आहे. उत्तरं चुकतात ती बहुतेक एकाच ठिकाणी: विद्यार्थी केसमधला ठळक शब्द पकडतात. "नाहीतर दुसरा घेऊ" दिसलं की सब्स्टिट्यूट, "भाव उतरवला" दिसलं की रायव्हलरी. वास्तविक पहिलं काम म्हणजे आपण कोणाच्या दारात उभे आहोत ते ठरवणं. तुमच्या केसच्या शेवटच्या वाक्यात ते सरळ दिलं आहे: "उत्पादकांच्या उद्योगावर". म्हणजे उभं राहायचं ते बेदाणा शेडमध्ये. तिथून समोर बघितलं तर खरेदीदार, मागे बघितलं तर द्राक्ष, डिपिंग ऑइल, मजूर पुरवणारे, आणि शेजारी बघितलं तर दुसरे शेडवाले. हीच केस पाकीट भरणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात बसून वाचली, तर तोच मजकूर "पुरवठादार दुबळे आहेत" असं सांगतो. मजकूर एक, पण जागा बदलली की फोर्सचं नाव बदलतं.

---

शेडवाला_तासगाव

केस लिहिणाऱ्या मॅडमना नमस्कार, पण असं तोंडावर येऊन कुणी सांगत नाही. आमचा माल अडत्याकडे जातो, सौदे निघतात, बोली लागते. भाव उतरायचा तो बोलीत उतरतो. लॉटभोवती खरेदीदार उभे असतात, सॅम्पल हातात घेऊन बघतात, दोघांनी बोली केली की बाकीचे गप्प. आपण लॉट द्यायचा नाही म्हटलं तर परत कोल्ड स्टोअरेजला न्यायचा, भाडं चालू.

दुसरं, पैसे लगेच मिळत नाहीत. माल गेला तरी पेमेंटला थांबावं लागतं. तेही यात धरणार का?

आणि बाहेरच्या मालाचं म्हणाल तर त्याची नुसती चर्चा सुरू झाली तरी बोली थंड पडते. माल प्रत्यक्षात आला की नाही हे नंतर कळतं.

---

लेखाजोखा_सातारा

शेडवाला, केसपेक्षा तुम्ही दिलेली माहिती जास्त मोलाची आहे. पेमेंट लांबवणं हे खरेदीदाराच्या ताकदीचं फार स्पष्ट लक्षण. ताकद फक्त भावातून वापरली जात नाही. उधारीची मुदत, प्रतवारीत काढलेल्या खोडी, तूट धरणं, वाहतूक कोणी भरायची, या सगळ्यांतून ती बाहेर पडते. भाव तोच ठेवून पेमेंट दोन महिने पुढे ढकललं, तरी उत्पादकाच्या खिशातला पैसा खरेदीदाराच्या कामाला लागलेला असतो. परीक्षेत अशी केस आली आणि तिच्यात भावाचा उल्लेखच नसला, तर अनेकांना फोर्स दिसतच नाही.

---

आकडेमोड

मला एक सोपी कसोटी सुचते. वीस रुपये कुठे गेले ते बघा. समजा शेडवाल्याचा भाव किलोला २०० चा १८० झाला. पाकिटाची दुकानातली किंमत होती तेवढीच राहिली, तर वीस रुपये खरेदीदाराकडे अडकले: बायर पॉवर. पाकीटही स्वस्त झालं, तर पैसे घरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचले: रायव्हलरी. केसमध्ये पाकिटाच्या भावाबद्दल काहीच नाही, त्यामुळे उत्तर काढता येत नाही असं माझं मत.

---

लेखाजोखा_सातारा

आकडेमोड, पैशाचा माग काढायची कल्पना चांगली आहे. कुठल्याही फोर्सचा शेवटचा परिणाम नफा कुठून निघून कुठे गेला हाच असतो. पण या दोघांना वेगळं करायला ती कसोटी पुरत नाही.

कारण असं. शेडवाले एकमेकांचा भाव पाडू लागले, म्हणजे शुद्ध रायव्हलरी झाली, तरी पैसे जातात ते खरेदीदाराकडेच. आणि पाकीट स्वस्त झालं की नाही, हे पाकीटवाल्यांच्या आपसातल्या स्पर्धेवर ठरतं. तो पुढचा, वेगळा उद्योग. शेडमध्ये उभं राहिलं तर दोन्ही प्रकारांत वीस रुपये समोरच्या दारातूनच गेलेले दिसतात.

मग वेगळं कसं करायचं? केसमधली एक गोष्ट मनातल्या मनात बदलायची आणि निकाल टिकतो का बघायचं.

आधी खरेदीदार बदला. मोजक्या मोठ्यांच्या जागी पाचशे लहान खरेदीदार ठेवा, बाकी सगळं तसंच. यातला एक जण म्हणाला, "वीस रुपये उतरव नाहीतर अफगाणी मागवतो." शेडवाला म्हणेल, बरं, माग. बाकी चारशे नव्व्याण्णव आहेत. शिवाय लहान खरेदीदाराला परदेशातून माल आणणं, आयातीचे कागद करणं, भरलेला कंटेनर घेणं परवडणारं नाही. ती धमकी धमकी राहत नाही, नुसता शब्द होतो.

आता उलट करा. खरेदीदार मोजकेच ठेवा आणि अफगाणी माल काढून टाका. खरेदीदार म्हणतील, "वीस उतरव, नाहीतर शेजारच्या शेडचा घेतो." दबाव थोडा सैल पडेल, पण राहील. म्हणजे अफगाणी बेदाणा हे खरेदीदाराच्या हातातलं हत्यार आहे, हात त्याचाच. केसमध्ये शेडवाल्यांनी आपसात भाव पाडल्याचं एकही वाक्य नाही. पुढाकार खरेदीदाराचा, मागणी त्याची, आणि ती मान्य होण्याचं कारणही त्याच्या आकारात. म्हणून "प्रामुख्याने" या शब्दाला धरून उत्तर: खरेदीदारांची ताकद.

---

वारणेची_लेक

सर, हे फार स्पष्ट झालं. एक शंका. मग "खरेदीदार मोजके आहेत" एवढं लिहिलं की पुरे? की अजून काही दाखवावं लागतं?

---

मिरज_बेकरी

मी पण खरेदीदारच की हो. पण मी कधी बेदाण्याच्या भावावर हुज्जत घालत नाही. दुकानदार सांगेल तो भाव. वीस रुपये इकडेतिकडे झाले तर मला कळतही नाही. मैदा नि तुपाचा भाव वाढला की मात्र मी चार ठिकाणी फोन करतो. मग माझी ताकद नाही असं समजायचं का?

---

लेखाजोखा_सातारा

मिरज_बेकरी, तुम्ही वारणेच्या लेकीच्या शंकेचं अर्धं उत्तर देऊन टाकलंत.

खरेदीदाराची ताकद दोन गोष्टींनी बनते. एक, त्याला भाव पाडता येतो का. दोन, त्याला भाव पाडायची गरज वाटते का. तुमच्याकडे दोन्ही कमी आहेत. समजा किलोभर केकमध्ये तुम्ही ५० ग्रॅम बेदाणा घालता. किलोला वीस रुपयांचा फरक म्हणजे एका केकमागे एक रुपया. त्या रुपयासाठी अर्धा दिवस कोण घालवेल? पण मैदा-तूप म्हणजे तुमच्या खर्चाचा मोठा वाटा, म्हणून तिथे चार फोन.

आता पाकीटवाला घ्या. त्याच्या किलोच्या पाकिटात किलोभर बेदाणाच असतो. वीस रुपये म्हणजे पूर्ण वीस रुपये. त्याचा जवळजवळ सगळा खर्च तोच आहे, शिवाय प्रतवारी झालेल्या मालात या शेडचा आणि त्या शेडचा फरक पाकिटावर दिसत नाही. म्हणून तो भावाला चिकटतो. मोजके असणं हे पहिल्या गोष्टीचं कारण, खर्चातला वाटा हे दुसऱ्या गोष्टीचं. उत्तरात दोन्हींना एकेक वाक्य दे, वारणेच्या लेकी. केसमध्ये "पाकिटात भरून विकतात" हे शब्द सजावटीला घातलेले नाहीत, मॅडमनी ते याचसाठी ठेवले असणार.

---

हरिपूरचा_पेव

विषय बेदाण्याचा आहे, पण मी हळदीचं सांगतो, कारण मला यात एक गोष्ट राहिल्यासारखी वाटते.

आमच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, वरून तोंड बंद केलेली. माल आत ठेवला की वर्षानुवर्षं टिकायचा, कीड लागायची नाही. वडील सांगायचे, भाव पसंत नसेल तर पेव उघडायचंच नाही. खरेदीदार तेच, बाजार तोच, पण ज्याचा माल पेवात, त्याला घाई नाही. २००५ च्या महापुरात पेवांची फार हानी झाली. त्यानंतर लोक गोदामांकडे आणि कोल्ड स्टोअरेजकडे वळले.

तर खरेदीदार किती आहेत यापेक्षा विकणाऱ्याला किती दिवस थांबता येतं हे महत्त्वाचं नाही का? पुस्तकात हे कुठे बसतं?

---

शेडवाला_तासगाव

हे लाख बोललात. आमच्याकडेही कोल्ड स्टोअरेज आहे, बेदाणा टिकतो. पण टिकतो माल, माणूस टिकत नाही. द्राक्षाची छाटणी, औषधं, मजुरी, सगळ्याची उधारी अंगावर असते. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे आधीच केवढं भांडवल त्यात गेलेलं. पावतीवर तारण कर्ज मिळतं, पण त्याचं व्याज आणि स्टोअरेजचं भाडं दोन्ही मागे लागतात. खरेदीदाराला हे सगळं माहीत असतं. कुणाला पैशाची नड आहे ते बाजारात लपत नाही.

---

लेखाजोखा_सातारा

हरिपूरचा_पेव, पोर्टरच्या यादीत "थांबण्याची कुवत" असं वेगळं नाव नाही, पण खरेदीदाराच्या ताकदीखालीच ते बसतं. व्यवहार मोडला तर कोणाला जास्त दुखतं, हा त्यामागचा प्रश्न. खरेदीदार आठ दिवस बेदाण्याशिवाय राहू शकतो, त्याच्याकडे जुना साठा असतो. शेडवाल्याला आठ दिवसांत हप्ता भरायचा असतो. पेव हे खर्च न वाढवता थांबायचं साधन होतं. कोल्ड स्टोअरेजमध्ये थांबता येतं, पण रोजचं मीटर पडतं. त्यामुळे त्याने ताकद थोडी परत मिळते, सगळी नाही.

यावरून वारणेच्या लेकीला एक सराव देतो. केसमध्ये एकच वाक्य वाढव: "उत्पादकांनी माल कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवून दिवाळीपर्यंत विक्री थांबवली आणि खरेदीदारांनी जुना भाव मान्य केला." फोर्स कोणता?

---

वारणेची_लेक

अजूनही खरेदीदारांची ताकदच, फक्त ती कमी झालेली? कारण सगळा झगडा त्याच दोघांमध्ये आहे. फोर्स बदलला नाही, त्याचा जोर बदलला.

---

लेखाजोखा_सातारा

बरोबर. "कोणता फोर्स" आणि "किती जोराचा" हे दोन वेगळे प्रश्न. फोर्स दुबळा असेल तरी केस त्याचीच असू शकते.

---

विश्रामबागकर

उशिरा आलो. मंडळी, गेल्या काही हंगामांत अवकाळी पावसाने शेडमधला माल काळा पडतो, त्याने भाव कोसळतो. तो कुठला फोर्स? आणि सरकारने आयात शुल्क वाढवलं तर तो कुठला? मुलांना हे सांगायला हवं. शेतकऱ्याचा खरा शत्रू पाऊस आणि धोरण आहे, खरेदीदार नव्हे.

---

लेखाजोखा_सातारा

विश्रामबागकर, दोन्ही फोर्स नाहीत. पोर्टरने १९७९ मध्ये ही मांडणी केली आणि २००८ मध्ये ती पुन्हा लिहिली, तेव्हा सरकार, तंत्रज्ञान, वाढीचा वेग यांना फोर्स समजू नका असं मुद्दाम सांगितलं. हे घटक आहेत. ते पाचांपैकी कुणाला तरी बळ देतात किंवा कुणाचं बळ काढून घेतात, आणि पाहायचं ते हेच.

आयात शुल्क वाढलं की अफगाणी मालाची धमकी पोकळ होते, खरेदीदाराचं हत्यार बोथट होतं. पावसाचंही तसंच. सगळ्यांचाच माल कमी झाला तर चांगल्या प्रतीचा बेदाणा ज्याच्याकडे उरला, त्याच्यापुढे खरेदीदार नमतो. पण ज्याचा माल काळा पडला, त्याला घेणारे आणखी कमी होतात. एकाच पावसाने एका शेडवर खरेदीदाराची ताकद घटते आणि शेजारच्या शेडवर वाढते. म्हणून "पाऊस" असं उत्तर लिहून भागत नाही.

शेतकऱ्याचं नुकसान कशाने जास्त होतं, यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. ही मांडणी फक्त उद्योगातला नफा कोणाकडे जातो ते सांगते. एका हंगामातलं नुकसान मोजायला ती केलेली नाही.

---

सीए_ताई_कोल्हापूर

लेखाजोखा सर, सगळं पटलं, एक सोडून. अफगाणी बेदाण्याला तुम्ही सरळ "स्पर्धक" म्हणालात. मी म्हणेन, तो नवा प्रवेश करणारा आहे. उद्योग "सांगली-तासगाव पट्ट्यातले उत्पादक" असा आखला, तर बाहेरून येणारा माल म्हणजे नव्याने शिरणारा. तो अजून आलेला नाही, येईल अशी धमकी आहे, आणि त्या धमकीनेच भाव पडला. शिरकावाच्या धोक्याचं वर्णन नेमकं असंच करतात: प्रत्यक्ष कोणी न येताही भावाला झाकण बसतं. मग तिसरं उत्तरही उभं राहतं.

---

लेखाजोखा_सातारा

ताई, मुद्दा जोरदार आहे. माझं म्हणणं असं की उद्योगाची सीमा जिल्ह्याच्या नकाशावर आखत नाहीत. ज्या बाजारात माल एकमेकांसमोर विकला जातो, तो धरायचा. भारतातल्या बेदाण्याच्या बाजारात अफगाणी माल आधीपासून येतोच. मग तो नवा कसा?

---

सीए_ताई_कोल्हापूर

पण केसमध्ये "उत्पादकांचा उद्योग" म्हटलंय, भारताचा बाजार नाही. आणि भौगोलिक सीमा कुठे आखायची यावर निकाल बदलतो हे पोर्टरही मानतो. दोन प्रदेशांतले फोर्सेस फार वेगळे असतील तर ते दोन उद्योग धरा, असं त्याचं सूत्र. काबूलच्या उत्पादकाचे पुरवठादार, खर्च, खरेदीदार सांगलीसारखे आहेत का? नाहीत. मग मी ते दोन उद्योग धरले तर चूक काय?

---

लेखाजोखा_सातारा

चूक नाही, पण मग प्रवेशाच्या अडथळ्यांबद्दल बोलावं लागेल, आणि केसमध्ये त्याचं एक अक्षर नाही. शिरकावाची केस असती तर भांडवल, परवाना, वितरण, ओळख यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं. तरी सीमेबाबत आपलं दोघांचं एकमत होईल असं मला वाटत नाही.

---

वारणेची_लेक

सर, ताई, मी असं उत्तर लिहिलं आहे, बघाल का?

"येथे प्रामुख्याने खरेदीदारांची ताकद दिसते. खरेदीदार मोजके व मोठे असल्याने परदेशी माल मागवण्याची त्यांची धमकी खरी ठरते. त्यांच्या खर्चात बेदाण्याचाच वाटा मोठा असल्याने ते भावाबद्दल जागरूक आहेत. उत्पादक असंख्य व छोटे असून त्यांच्या मालात फरक कमी आहे. अफगाणी बेदाणा सब्स्टिट्यूट नाही, कारण तीच वस्तू त्याच कामासाठी आहे. तो खरेदीदारांच्या हातातील दबावाचे साधन आहे."

---

सीए_ताई_कोल्हापूर

पूर्ण गुण. फक्त "मालात फरक कमी आहे" हे केसमध्ये दिलेलं नाही, तू गृहीत धरलंस. तिथे "असे गृहीत धरल्यास" घाल.

---

शेडवाला_तासगाव

ताई, फरक कमी कसा? हिरवा, पिवळा, काळा, लांब मणी, गोल मणी, सगळ्याला भाव वेगळा. माझा माल खाल्ला की लोक पुढच्या वर्षी विचारत येतात. सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकनसुद्धा आहे.

---

लेखाजोखा_सातारा

शेडवाला, तुमचं नाव बाजारात अडत्याला आणि खरेदीदाराला माहीत आहे. पाकीट फोडणाऱ्या गिऱ्हाइकाला ते माहीत आहे का, यावर सगळं अवलंबून. पाकिटावर नाव कोणाचं असतं?

---

शेडवाला_तासगाव

त्यांचं.

आता पाच-सहा शेडवाले मिळून स्वतःचं पाकीट काढायचं बोलतोय. तेव्हा आम्ही कुठल्या उद्योगात जाणार, तेही सांगा. कारण मग आमचे खरेदीदार दुकानदार होणार, आणि त्यांचीही अट असेलच.

---

लेखाजोखा_सातारा

त्या दिवसापासून आजचे खरेदीदार तुमचे स्पर्धक होतील आणि तुम्ही त्यांच्या उद्योगातले नवे प्रवेश करणारे. दुकानदाराकडे शेल्फवरच्या जागेचे पैसे, उधारी आणि न विकलेला माल परत घेण्याची अट, या तीन गोष्टी आधी विचारून घ्या. प्रत्यक्ष आकडे असतील तर नवा धागा काढा, तिथे बसून मांडू.

---

मिरज_बेकरी

पाकीट निघालं की कळवा. पाच किलोचं काढलंत तर मी घेईन, भावावर हुज्जत न घालता.